प्रतल ठरलेले, दिशा आपण निवडायच्या

एका शाळेतल्या दहावीच्या मुलांचे तीन विषयांतले गुण घेऊ: मराठी, गणित आणि विज्ञान. उदाहरण काल्पनिक आहे. प्रत्येक विषयात गुण सरासरीभोवती सारखेच पसरलेले आहेत आणि त्यांचे विचरण, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, २०० आहे. याचा अर्थ बहुतेक मुले सरासरीच्या चौदा-पंधरा गुण इकडेतिकडे आहेत. एका विषयात चांगले गुण मिळवणारे मूल दुसऱ्यातही साधारण चांगले असते, म्हणून कोणत्याही दोन विषयांचे सहविचरण १०० आहे. आकडे लहान राहावेत म्हणून शंभराने भागू. मग शाळेची सगळी माहिती या चौकटीत मावते:

```
२  १  १
१  २  १
१  १  २
```

अशा चौकटीला मॅट्रिक्स म्हणतात. कर्णाच्या दोन्ही बाजूंना तेच आकडे आहेत, म्हणून तो सममित. सममित मॅट्रिक्सकडून आपल्याला हव्या असतात त्याच्या स्वतःच्या दिशा. साधारणपणे मॅट्रिक्स एखाद्या सदिशाला लावला की सदिशाची लांबीही बदलते आणि दिशाही. काही सदिश मात्र आपली रेषा सोडत नाहीत, फक्त काही पट होतात. ते आयगेनव्हेक्टर, आणि किती पट होतात तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू.

वरच्या मॅट्रिक्सला (१, १, १) हा सदिश लावून पाहा. प्रत्येक ओळीची बेरीज ४ आहे, म्हणून उत्तर (४, ४, ४) येते. म्हणजे ‘तिन्ही विषयांची बेरीज’ ही एक दिशा सापडली आणि तिची आयगेनव्हॅल्यू ४. आता (१, −१, ०) लावा. पहिल्या ओळीतून २ − १ = १, दुसरीतून १ − २ = −१, तिसरीतून १ − १ = ०. सदिश जसाच्या तसा परत आला, म्हणून त्याची आयगेनव्हॅल्यू १. पण (१, ०, −१) लावला तरी तो तसाच परत येतो. (०, १, −१) सुद्धा. ज्याच्या तिन्ही आकड्यांची बेरीज शून्य आहे असा कोणताही सदिश घ्या, मॅट्रिक्स त्याला हात लावत नाही.

आयगेनव्हॅल्यू १ इथे दोनदा येते. बेरीज शून्य असलेल्या सर्व सदिशांचे मिळून एक सपाट प्रतल होते आणि त्या प्रतलातली प्रत्येक दिशा आयगेनव्हेक्टरची दिशा आहे. प्रतलाला दोन मिती असतात, म्हणून त्यात परस्परांना लंब असे दोन एकक लांबीचे सदिश निवडले की काम भागते. अशा जोडीला ऑर्थोनॉर्मल बेसिस म्हणतात. प्रश्न एवढाच की ती दोन कोणती घ्यायची, आणि कशाच्या आधारावर.

लंबपणा कुठे आपोआप येतो, कुठे येत नाही

सममित मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर परस्परांना लंब असतात, असे वाक्य विद्यार्थी पाठ करतात. ते अर्धेच खरे आहे, आणि इथली बहुतेक गडबड त्या अर्धेपणातून होते.

u हा ४ या आयगेनव्हॅल्यूचा सदिश आणि v हा १ चा समजा. दोन सदिशांचे आकडे जोडीजोडीने गुणून बेरीज केली की त्यांचा अदिश गुणाकार मिळतो. तो शून्य असेल तर सदिश लंब. मॅट्रिक्स आधी u ला लावून मग v शी गुणा, किंवा आधी v ला लावून मग u शी गुणा. मॅट्रिक्स सममित असल्याने उत्तर एकच येते. पहिल्या रीतीने ते u आणि v च्या गुणाकाराच्या चौपट, दुसऱ्या रीतीने एकपट. एखादी संख्या स्वतःच्या चौपटीइतकी असेल तर ती शून्यच असायला हवी. म्हणून u आणि v लंब.

आता u आणि v दोघेही १ चेच असतील तर? पहिल्या रीतीने गुणाकाराची एकपट, दुसऱ्या रीतीनेही एकपट. समीकरण खरे आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. दोन सदिश लंब असतील किंवा नसतीलही. वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यूंमधला लंबपणा मॅट्रिक्सकडून मिळतो. एकाच आयगेनव्हॅल्यूच्या प्रतलातला लंबपणा आपल्याला घडवावा लागतो.

मुळात दोनदा आलेल्या आयगेनव्हॅल्यूला पूर्ण प्रतल मिळते, हेही सममितीचे देणे आहे. सममित नसलेल्या मॅट्रिक्समध्ये आयगेनव्हॅल्यू दोनदा येऊनही एकच दिशा हाती लागू शकते. अठराव्या शतकात लाग्रांजने कंपनांचा आणि ग्रहगतींचा अभ्यास करताना असे मानले की मूळ दोनदा आले तर उत्तरात काळाबरोबर वाढत जाणारी पदे येतील आणि रचना अस्थिर होईल. १८५८ साली वायरश्ट्रासने दाखवले की सममित मॅट्रिक्सच्या बाबतीत ही भीती निराधार आहे: मूळ जितक्यांदा येते तितक्या स्वतंत्र दिशा मिळतातच.

सहज सुचणारी चुकीची जोडी

परीक्षेत हे उदाहरण आले तर बहुतेक जण बेरीज शून्य असलेले दोन सोपे सदिश लिहितात: (१, −१, ०) आणि (१, ०, −१). दोन्ही आयगेनव्हेक्टर आहेत आणि वेगळ्या दिशांचे आहेत. प्रत्येकाची लांबी √२ आहे म्हणून √२ ने भागून एकक केले की काम झाले असे वाटते. पण त्यांचा अदिश गुणाकार १ आहे, शून्य नाही. लांबी १ करून तो ½ होतो, म्हणजे दोघांमध्ये ९० ऐवजी ६० अंशांचा कोन आहे.

यामुळे काय बिघडते ते एका मुलीच्या गुणांवरून पाहू. तिला मराठीत ७२, गणितात ६० आणि विज्ञानात ६६ मिळाले. सरासरी ६६. सरासरीपासूनचे फरक ६, −६ आणि ०. त्यांच्या वर्गांची बेरीज ७२. तिचे विषय एकमेकांपासून किती विखुरले आहेत याचे हे माप आहे. प्रतलात निवडलेली जोडी बरोबर असेल तर तिच्यावरून मोजूनही हाच आकडा यायला हवा, कारण पायथागोरसचा नियम लंब दिशांवर चालतो.

चुकीच्या जोडीने मोजू. मराठी वजा गणित १२. √२ ने भागून वर्ग केला की ७२. मराठी वजा विज्ञान ६. √२ ने भागून वर्ग केला की १८. बेरीज ९०. गुण तेच, मुलगी तीच, पण विखुरणे ७२ चे ९० झाले. दोन्ही तुलनांमध्ये मराठी आहे, म्हणून मराठीतल्या जादा गुणांचा काही भाग दोनदा मोजला गेला.

हीच चूक मॅट्रिक्सवरही दिसते. बेरजेची दिशा आणि ही जोडी घेऊन, प्रत्येकीला तिची आयगेनव्हॅल्यू देऊन मॅट्रिक्स पुन्हा जुळवला, तर पहिल्या जागी २ यायला हवे तिथे ७/३ येते. तीन दिशांचा एकूण हिशेब मूळ मॅट्रिक्सशी जुळत नसेल, तर पहिला संशय दोनदा आलेल्या आयगेनव्हॅल्यूच्या जोडीवर घ्यावा.

लंब जोडी कशी घडवायची

उपाय ग्राम-श्मिट नावाने ओळखला जातो. डेन्मार्कच्या ग्रामने तो १८८३ साली मांडला आणि एरहार्ड श्मिटने १९०७ साली. तीच कल्पना लाप्लासच्या लेखनात त्याआधीही आढळते. पायऱ्या दोनच आहेत. पहिला सदिश जसा आहे तसा ठेवायचा. दुसऱ्यातून त्याचा पहिल्याच्या दिशेतला भाग वजा करायचा.

(१, −१, ०) ठेवू. (१, ०, −१) शी त्याचा अदिश गुणाकार १ आहे आणि त्याच्या स्वतःच्या लांबीचा वर्ग २, म्हणून वजा करायचा भाग (१, −१, ०) चा अर्धा. (१, ०, −१) मधून (½, −½, ०) वजा केले की (½, ½, −१) उरते. दुपटीने (१, १, −२). बेरीज शून्य आहे, म्हणून तो प्रतलातच राहिला. (१, −१, ०) शी गुणाकार १ − १ = ०, म्हणून लंब. शेवटी एकाला √२ ने आणि दुसऱ्याला √६ ने भागायचे.

आता तीच मुलगी पुन्हा मोजू. पहिल्या दिशेने ७२ मिळालेच. दुसऱ्या दिशेने ७२ + ६० − १३२ = ०. एकूण ७२. हिशेब जुळला.

या दोन दिशांना अर्थही आहे. पहिली विचारते, मराठी आणि गणितात किती फरक आहे? दुसरी विचारते, त्या दोघांच्या सरासरीच्या तुलनेत विज्ञान कुठे आहे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत मिसळत नाहीत. जर्मन भूमापनतज्ज्ञ फ्रीडरिश रॉबर्ट हेल्मर्टने १८७६ साली मोजमापांतल्या चुकांचा अभ्यास करताना असाच मार्ग वापरला, आणि बेरजेच्या दिशेसकट अशा तीन ओळींच्या मॅट्रिक्सला आज हेल्मर्ट मॅट्रिक्स म्हणतात. विचरण काढताना n ऐवजी n − १ ने का भागतात, याचे उत्तरही इथेच आहे: तीन आकड्यांतून सरासरीची एक दिशा बाजूला काढली की विखुरण्यासाठी दोनच दिशा उरतात.

पण हीच जोडी का?

ग्राम-श्मिटने पहिला सदिश जसाच्या तसा ठेवला. तो आपण निवडला होता. सुरुवात (०, १, −१) पासून केली असती तर त्याच्याशी लंब (२, −१, −१) मिळाला असता. तेव्हा पहिला प्रश्न होतो गणित विरुद्ध विज्ञान, आणि दुसरा मराठी विरुद्ध बाकीचे दोन. या जोडीने त्या मुलीचे गुण मोजा: ६० − ६६ = −६, वर्ग भागिले २ म्हणजे १८; १४४ − ६० − ६६ = १८, वर्ग भागिले ६ म्हणजे ५४. बेरीज पुन्हा ७२. जोडी बदलली, ७२ चे वाटप बदलले, पण एकूण तेवढेच राहिले.

अशा जोड्या अगणित आहेत. मोकळ्या मैदानात काटकोनात दोन दोऱ्या ताणायच्या असतील तर पहिली कुठल्याही दिशेने ताणता येते. ती ताणली की दुसरीची रेषा ठरते, फक्त तिची टोके अदलाबदल होऊ शकतात. इथेही नेमके तेवढेच स्वातंत्र्य आहे: एक कोन आणि एक चिन्ह. हे स्वातंत्र्य प्रतलापुरतेच आहे, हे मात्र विसरू नये. प्रतलाबाहेरची दिशा मिसळली की आयगेनव्हेक्टर राहत नाही. (१, १, १) आणि (१, −१, ०) यांची बेरीज (२, ०, १). मॅट्रिक्स तिला (५, ३, ४) करतो आणि ती आपली रेषा सोडते.

मग निवड कशावरून करायची? मॅट्रिक्समध्ये तीन विषयांपैकी कोणालाही वेगळी वागणूक नाही, म्हणून त्याच्याकडे याचे उत्तरच नाही. उत्तर आपल्या प्रश्नातून यायला हवे. शाळेला मराठी आणि गणित यांची तुलना महत्त्वाची वाटत असेल तर पहिली दिशा (१, −१, ०) घ्यावी, दुसरी आपोआप ठरेल. शाळेला तसा प्रश्नच नसेल तर कोणतीही जोडी चालेल, पण मग त्या जोडीतल्या एकेका दिशेवरून निष्कर्ष काढू नयेत.

संगणकाने दिलेली जोडी

प्रत्यक्षात हा हिशेब संगणक करतो. विदाविश्लेषणात याला प्रिन्सिपल कंपोनंट विश्लेषण म्हणतात: सर्वात जास्त विचरण असलेली दिशा पहिला घटक, मग दुसरा, मग तिसरा. पायथनमध्ये तो असा:

```
import numpy as np
A = np.array([[2., 1, 1], [1, 2, 1], [1, 1, 2]])
w, Q = np.linalg.eigh(A)
U = Q[:, :2]
print(w)
print(U.T @ U)
print(U @ U.T)
```

`eigh` सममित मॅट्रिक्ससाठीच आहे. ते आयगेनव्हॅल्यू चढत्या क्रमाने देते आणि सदिश लंब असल्याची काळजी घेते, म्हणून पहिले दोन स्तंभ आपल्या प्रतलाची जोडी आहेत. याऐवजी सर्वसाधारण `eig` वापरले तर दोनदा आलेल्या आयगेनव्हॅल्यूचे सदिश लंब असतील याची हमी नसते. म्हणून `U.T @ U` छापून पाहावे: कर्णावर १ आणि इतरत्र शून्याजवळचे आकडे आले तर जोडी ऑर्थोनॉर्मल आहे.

मात्र नेमकी कोणती जोडी येईल हे आतल्या गणनेच्या क्रमावर अवलंबून असते. दुसऱ्या यंत्रावर किंवा ग्रंथालयाच्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळे आकडे येऊ शकतात, आणि तरी दोन्ही उत्तरे बरोबर असतात. म्हणून सदिशांची सदिशांशी तुलना करणे व्यर्थ आहे. तुलना `U @ U.T` ची करावी. हा मॅट्रिक्स कोणत्याही सदिशाची प्रतलावरची सावली काढतो, आणि आपल्या उदाहरणात कर्णावर ⅔ व इतरत्र −⅓ असाच येतो. (१, −१, ०) च्या जोडीने काढा किंवा (०, १, −१) च्या, आकडा बदलत नाही. जोडी निवडीची असते, सावली मॅट्रिक्सची.

खऱ्या माहितीत आयगेनव्हॅल्यू अगदी तंतोतंत सारख्या क्वचितच येतात, म्हणून हा धोका टळला असे वाटू शकते. उलट तो लपतो. समजा नव्या मोजणीत फक्त मराठीचे विचरण २ ऐवजी २.०१ निघाले. आता दोन आयगेनव्हॅल्यू वेगळ्या झाल्या: एक १, दुसरी सुमारे १.००६७. दिशा ठरल्या आणि दुसरा घटक जवळजवळ (२, −१, −१) झाला, म्हणजे मराठी विरुद्ध इतर. पण मराठीऐवजी विज्ञानाचे विचरण २.०१ निघाले असते तर दुसरा घटक (१, १, −२) झाला असता, म्हणजे विज्ञान विरुद्ध इतर. या दोन दिशांच्या रेषांमध्ये ६० अंशांचा कोन आहे. दोनशेत एकाचा फरक कोणत्या विषयात पडला एवढ्यावरून अहवालाचा मथळाच बदलला.

त्याच बदलाने प्रतल किती हलले? दहाव्या भागाच्या अंशाहूनही कमी. कारण प्रतलाचा बाहेरच्या दिशेपासूनचा दुरावा ४ − १ = ३ आहे आणि बदल ०.०१ चा, प्रतल किती कलेल हे या दोघांच्या गुणोत्तरावर ठरते. डेव्हिस आणि काहान यांनी १९७० साली हे सर्वसाधारण रूपात सिद्ध केले. प्रतलाच्या आतल्या दोन दिशांमधला दुरावा मात्र मुळात शून्य होता, म्हणून कितीही बारीक बदल त्यांना कुठेही फिरवू शकतो.

यावरून निदानाची रीत मिळते. आयगेनव्हॅल्यूंची यादी पाहा. दोन आकड्यांतला फरक माहितीतल्या अनिश्चिततेइतकाच किंवा त्याहून लहान असेल, तर त्या दोघांना एकच समजा आणि त्यांचे प्रतल एकत्र घ्या. शंका असेल तर काही मुले वगळून हिशेब पुन्हा करा. दुसरा घटक दर वेळी वेगळ्या दिशेला वळत असेल पण `U @ U.T` जागचा हलत नसेल, तर जोडी गोंगाटाने निवडली आहे.

अहवालात दुसऱ्या आणि तिसऱ्या घटकाला ‘भाषिक कल’, ‘वैज्ञानिक कल’ अशी नावे दिलेली दिसली, तर नावांआधी त्यांच्या आयगेनव्हॅल्यू पाहाव्यात. आकडे १.०० आणि १.०१ असे शेजारी उभे असतील आणि मोजणीची अचूकता तेवढी नसेल, तर ती नावे मानू नयेत. आणि आपणच अहवाल लिहीत असू, तर अशा ठिकाणी जोडी कशाच्या आधारावर निवडली हे एका वाक्यात लिहावे, किंवा दिशांऐवजी प्रतलाबद्दल बोलावे.